गिऱ्हाईक बाहेर, माल आत

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आत येत नाही. दुकानाची मांडणी कशी करावी हे सांगणारे जे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात ना, त्यातले निम्म्याहून जास्त सल्ले इथेच बाद होतात. दूध अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवा म्हणजे गिऱ्हाईक सगळं दुकान फिरून जाईल, उजव्या हाताला महागाचा माल ठेवा कारण माणसं आत शिरल्यावर उजवीकडे वळतात, सगळं बरोबर असेल, पण ते बास्केट घेऊन फिरायच्या मॉलसाठी. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या गावातलं आमचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, एक पायरी, काउंटर, आणि काउंटरच्या मागे भिंतभर रॅक. बाई पडवीत उभी राहते, मी आत. तिचे पाय हलत नाहीत, फक्त डोळे हलतात, आणि पाय हलवायचे ते मी. तर असल्या दुकानात मांडणी करायची म्हणजे तिचे डोळे आणि माझे हात या दोघांचा हिशोब बसवायचा, बाकी काही नाही.

यातली गोची अशी की दोघांनाही तीच जागा हवी असते. रॅकचा कंबरेपासून खांद्यापर्यंतचा भाग माझ्या हाताला सगळ्यात सोपा, वाकायला नको, स्टूल नको. आणि नेमका तोच भाग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. सासऱ्यांच्या काळापासून तिथे साखर, चहापत्ती, मीठ, तूरडाळ असा दिवसातून पन्नास वेळा लागणारा माल. हाताच्या हिशोबाने अगदी शहाणपणाचं. पण साखर दिसली म्हणून कुणी साखर घेत नाही, साखर घरी संपली म्हणून घेतात, ती तुम्ही माळ्यावर ठेवलीत तरी मागतील. उलट दात घासायचा ब्रश, सेल, भांडी घासायची जाळी, हिंगाची डबी, वेलची, कापूर, सुई-दोरा, बल्ब, झुरळांचा खडू, यातलं काही घ्यायला म्हणून घरातून कोण निघत नाही. ते दिसलं की आठवतं. अरे हां, ब्रश बदलायचाच होता. नाही दिसलं की नाही आठवत, मग शनिवारी म्हापशाला गेल्यावर तिथल्या मोठ्या दुकानात आठवतं आणि ते पैसे तिकडे जातात.

म्हणून माझ्यापुरते मालाचे दोनच प्रकार, नाव घेऊन मागायचा माल आणि बघून आठवणारा माल. किराणा वेगळा, कॉस्मेटिक वेगळं, स्टेशनरी वेगळी ही वाटणी घाऊकवाल्यांच्या सोयीची.

आता प्रश्न येतो की गिऱ्हाइकाला नक्की दिसतं काय. आपण आत उभे असतो, आपल्याला सगळं दिसतं, म्हणून वाटतं त्यांनाही दिसत असेल. बाहेर जाऊन बघायचं, आणि नुसतं बघून भागत नाही कारण तुमची उंची वेगळी, आणि कुठली वस्तू कुठे आहे ते तुम्हाला आधीच माहीत असतं त्यामुळे ती न दिसताही दिसल्यासारखी वाटते. सोपी पद्धत म्हणजे झाडूची काठी घ्यायची, तळापासून चार फूट दहा इंचांवर खूण करायची. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचे डोळे साधारण तिथे येतात. काठी पडवीत, गिऱ्हाईक उभं राहतं तिथेच उभी धरायची, एकाने खुणेवर सुतळीचं टोक धरायचं, दुसऱ्याने सुतळी ताणून काउंटरवरच्या सगळ्यात उंच बरणीच्या डोक्याला जेमतेम टेकवत सरळ मागच्या रॅकपर्यंत न्यायची. जिथे टेकेल तिथे खडूने रेघ. त्या रेघेच्या खालचं सगळं गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दुकानात नाहीच.

आमचा हिशोब सांगते. पायरी अर्ध्या फुटाची, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उचललेलं. म्हणजे बाईचे डोळे आमच्या फरशीपासून मोजले तर चार फूट चार इंचांवरच. काउंटर तीन फूट उंच, त्यावर मधोमध गोळ्या-बिस्किटांच्या फूटभर उंचीच्या बरण्यांची ओळ, म्हणजे चार फुटांची भिंतच. बाई काउंटरपासून फूटभर लांब उभी राहते, काउंटर दोन फूट रुंद, मागे माझ्या ये-जा करायला तीन फूट, मग रॅक. सुतळी बरणीवरून गेली ती रॅकवर तीन फूट चार इंचांवर टेकली. त्याच्या खालचे दोन कप्पे गायब. मग बरण्या बाजूला करून सुतळी काउंटरच्या आतल्या कडेवरून नेली तर ती पावणेदोन फुटांच्या आसपास टेकते. नुसत्या बरण्यांमुळे रॅकचा दीड-पावणेदोन फुटांचा पट्टा, तोही भिंतभर, झाकला जात होता.

वरून पण तसंच. काउंटरच्या वर तारेला वेफर्सच्या आणि शाम्पूच्या लड्या, त्या लांब सोडल्या की खाली साडेचार फुटांपर्यंत येतात. त्यांच्या खालच्या टोकावरून सुतळी नेली तर रॅकवर सव्वापाच फुटांवर टेकली, त्याच्या वरचं सगळं पडद्याआड. म्हणजे सात फूट उंच रॅक, आणि बाहेरून दिसणारी खिडकी जेमतेम दोन फुटांची. त्या दोन फुटांत काय, तर साखर, चहा, मीठ आणि डाळ. आणि त्यांच्यापुढे मी स्वतः, कारण गल्ला मधोमध होता आणि गल्ल्यामागे माणूस बसतो. आपलं डोकं, खांदे आणि मागची खुर्ची मिळून रॅकचा चांगला दोन-अडीच फूट रुंदीचा भाग दिवसभर झाकून ठेवतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

लड्यांचं सोपं होतं, त्या तारेच्या दोन टोकांना सरकवल्या आणि अर्ध्या कापून लटकवल्या, संपली की दुसरी. बरण्यांवरून मात्र घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, बरण्या म्हणजे दुकानाची शोभा, मुलं बरणी बघूनच येतात. मी म्हटलं, मुलांना बरणीचा तळ दिसतो. पुन्हा काठी काढली. सहा-सात वर्षांच्या पोराचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर, पायरी वजा केली तर आमच्या फरशीपासून तीन फूट, म्हणजे बरोबर काउंटरच्या पातळीला. त्याला वरचं काहीच नीट दिसत नाही, त्याला दिसते ती काउंटरची पुढची काच. तर काचेच्या आतला वरचा कप्पा मुलांचा. तिथे चॉकलेटं आहेतच, मी साधू नाहीये, पण त्यांच्या शेजारी पेन्सिली, खोडरबर, रंगीत पेनं, दोनरेघी वह्या लावल्या. जूनमध्ये शाळा उघडल्या की पोरं त्या काचेला नाक लावून उभी असतात आणि आईला सांगतात की टीचरने हेच आणायला सांगितलंय. खरं-खोटं तिने बघावं. बरण्या शेवटी दोनच ठेवल्या, एकेका टोकाला.

मग साखर-मीठ कुठे हलवायचं? काउंटरच्या आतल्या बाजूला. प्रत्येक दुकानाच्या काउंटरला आतून कप्पे असतात आणि प्रत्येक दुकानात त्यात रिकाम्या पिशव्या, जुनी बिलं, बंद पडलेला टॉर्च आणि मागच्या दिवाळीच्या पणत्या असतात. ती जागा गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही आणि दुकानदाराच्या हाताला सगळ्यात जवळ, मागे वळायलासुद्धा लागत नाही. अर्धा आणि एक किलोच्या साखरेच्या बांधलेल्या पुड्या, चहाची छोटी पाकिटं, मीठ, आगपेट्या, दूध पावडर, सगळं तिथे. सुट्टा माल, उकडे तांदूळ, सुरय, गव्हाचं पीठ, रॅकच्या सगळ्यात खालच्या, न दिसणाऱ्या कप्प्यात. मागून घ्यायच्या मालाची जागा एकदा ठरली की मग ती हलवायची नाही, कारण दुकानात मी एकटीच नसते, दुपारी नवरा, संध्याकाळी कॉलेजवरून आल्यावर पुतण्या, आणि अंधारात लाईट गेली तरी हाताला मीठ लागलं पाहिजे. हलवायचा तो बघून आठवणारा माल, तोही एका वेळी एकच कप्पा. सगळं दुकान एकदम फिरवलं तर कशामुळे काय विकलं गेलं तेच कळत नाही, आणि "ते तिथे असतं ते द्या" म्हणून बोट दाखवणारे म्हातारे आजोबा वेगळेच गोंधळतात.

आता वजनकाटा. माझ्या मते आमच्यासारख्या दुकानातली सगळ्यात किमती जागा काउंटर नाही, रॅक नाही, काट्याच्या आजूबाजूची दीड फूट जागा. बाई अर्धा किलो अळसांदे मागते, मी पिशवीतून काढते, काट्यावर ओतते, चार दाणे परत काढते, तेवढा वेळ ती काय करते? काट्याचे आकडे बघते. आकडे गिऱ्हाइकाला दिसलेच पाहिजेत, तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी तिने बघितलेच असते. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाची नजर दिवसातून एकदा तरी त्या एका जागेवर खिळते, आणि हात रिकामे असतात, आणि हिशोब अजून झालेला नसतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. बऱ्याच दुकानांत आठवण करून देणाऱ्या वस्तू क्यूआर कोडच्या स्टँडजवळ मांडतात, कारण शेवटी सगळे तिथे येतात. पण तिथे आलेला माणूस मोबाईलमध्ये बघत असतो, रक्कम टाकतो, पिन टाकतो, टुण्ण करून आवाज आला की मामला संपला. त्यानंतर दहा रुपयाची वस्तू दिसली तर पुन्हा मोबाईल उघडावा लागेल, म्हणून तो म्हणतो जाऊदे उद्या. रोखीच्या काळात उलट होतं, सुट्टे नाहीत म्हणून हातात गोळ्या जायच्या, तो धंदा आता बसलाच. म्हणून आमच्याकडे गल्ला आणि क्यूआर एका टोकाला गेले, काटा दुसऱ्या टोकाला, आणि मधली जागा मोकळी, मधे कोण उभं राहत नाही, रॅक दिसतो.

काट्याजवळ काय ठेवायचं ते तासावर आहे. आमच्याकडे सकाळी नऊ-साडेनऊला मासळीवाला स्कूटरवरून भोंगा वाजवत येतो. त्यानंतरचा तासभर ज्या बायका येतात त्यांच्या डोक्यात माशाचं हुमण असतं, नारळ मागतात. नारळ ही मागून घ्यायची वस्तू. पण काट्याजवळ तिरफळांची बरणी आणि सोलांची पाकिटं दिसली की दहातल्या दोघी-तिघींना आठवतं. बांगड्याच्या हुमणाला तिरफळ नाही म्हणजे काय. सोमवारी मात्र निम्म्या गावाचं शिवराक, म्हणजे मासळी-मटण नाही, त्या दिवशी तिरफळं-सोलां मागे आणि तिथे वाटाणे, मूग, गूळ, आणि भाजीत घालायला हिंग. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी वाती, कापूर. एक ट्रे उचलायचा, दुसरा ठेवायचा, तीन ट्रे केलेत मी, प्लॅस्टिकचे, बाजारात भाजीसाठी मिळतात तसले. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा मासळीवालाच कधीमधी येतो, तेव्हा सगळा रॅकच कडधान्याकडे झुकवावा लागतो आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पाकिटं वर येतात, पण ती बंद डब्यात, का ते पुढे सांगते.

कंपन्यांचे सेल्समन या जागेवर टपूनच असतात. फुकट स्टँड देतो वहिनी, फक्त काट्याजवळ ठेवा, महिन्याला अमुक डिस्प्लेचे देतो. वाईट नाही, पण आधी हिशोब करायचा. समजा एका पाकिटामागे बारा रुपये सुटतात आणि आठवड्यात दोन विकली जातात, तर चोवीस रुपये. आणि कापराच्या पुडीमागे दोन रुपयेच सुटतात पण रोज पाच जातात, तर आठवड्याचे सत्तर. कंपनी महिन्याला जे देते त्याचे चार भाग करून त्या चोवीसमध्ये मिळवायचे आणि मग बघायचं सत्तरच्या वर जातं का. गेलं तर ठेवा स्टँड, मी ठेवलाय एक. नाही तर भिंतीला लावा म्हणावं.

मांडणी जमतेय की नाही हे कळायला गल्ल्याचा आकडा कामाचा नाही, तो पगाराच्या तारखेवर, सणावर, पावसावर हलतो. मी दोन गोष्टी ऐकते. पहिली म्हणजे "आहे का?" गिऱ्हाईक "साबण द्या" म्हणालं तर त्याला माहीत आहे आपण ठेवतो. "झाडूची मूठ आहे का?", "मेणबत्ती आहे का?" म्हणालं, आणि ती वस्तू दुकानात आहे, तर ती दिसत नाहीये. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा वस्तूंची नावं लिहिते, एकच नाव परत परत आलं की ती वस्तू खिडकीत आणायची. दुसरी, मी "आनी कितें जाय?" विचारल्यावर काय होतं. बाई खाली पिशवीत बघून "पुरे" म्हणाली की काही झालं नाही. वर रॅककडे बघत थांबली आणि मग काहीतरी बोलली तर ती वस्तू नजरेने विकली गेली, त्या नावापुढे एक रेघ. महिन्याभरात ज्या वस्तूपुढे एकही रेघ नाही तिला खिडकीतून हाकलायची, कितीही सुंदर दिसत असली तरी.

दिसण्यावरून आठवलं, एकेक नग मांडून काही उपयोग होत नाही. सहा जातींचे ब्रश एकेक लावले तर बाहेरून नुसती गर्दी दिसते, डोळा कुठेच थांबत नाही. एकाच जातीचे तीन शेजारी-शेजारी लावले की ठसठशीत दिसतात. त्यासाठी जाती कमी कराव्या लागतात, सहाच्या दोन. पुढचा विकला की मागचा ओढून पुढे आणायचा, आणि नवीन माल नेहमी मागून भरायचा, नाहीतर जुना मागेच राहून तारीख उलटते. हे रोज संध्याकाळी दहा मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पुतण्याला लावते.

आता जिथे हे सगळं अडतं ते. वाचून वाटेल की चहा घेणारी बाई बिस्किट घेते, कपडे धुवायची पावडर घेणारी साबण घेते, तर सगळ्या जोड्या शेजारी लावल्या की झालं. पण दुकान बंद खोलीत असतं आणि गोव्याचा पाऊस चार महिने असतो. चहापत्ती, रवा, मैदा, बिस्किटं दुसऱ्याचा वास ओढून घेतात. चहाच्या वरच्या कप्प्यात उदबत्ती ठेवली तर आठ दिवसांत चहाला देवघराचा वास, आणि सुकी सुंगटं उघडी ठेवली तर सगळ्यालाच सुंगटांचा. म्हणून उदबत्ती-साबण-फिनेल-मच्छर अगरबत्ती हे सगळं रॅकच्या एका टोकाला, खाण्याचं दुसऱ्या टोकाला, मधे वास नसलेल्या वस्तू, सेल, बल्ब, वह्या, प्लॅस्टिक. ही मधली पट्टी नेमकी खिडकीच्या मध्यावर येते. सुकी मासळी झाकणाच्या डब्यात, पडवीकडच्या बाजूला.

पावसाळ्यात खालचा कप्पा फरशीला टेकता कामा नये, चार-पाच इंच उंच लाकडी फळ्यांवर पोती, आणि बाहेरच्या भिंतीपासून हात जाईल एवढी फट, कारण ती भिंत ओलावा धरते आणि भिंतीला चिकटलेल्या पोत्याला मागच्या बाजूने बुरशी येते जी पुढून दिसतच नाही. आगपेट्या, मीठ, उदबत्ती बाहेरच्या भिंतीपासून लांब. आणि उन्हाळ्यात पडवीत टांगलेले झाडू, सुपं, बादल्या जूनमध्ये झडीमुळे आत आणाव्या लागतात आणि त्या नेमक्या दारातच, नजरेच्या रेषेत लटकतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात काठी आणि सुतळी परत काढायची. चतुर्थीच्या आधीही एकदा, तेव्हा खोबरं, रवा, मैदा, खसखस, वेलची नेवऱ्यांसाठी एका कप्प्यात आणि गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीची दोरी, वाती, कापूर, उदबत्ती दुसऱ्या टोकाला, तेवढे दिवस बाकी सगळं सरकतं. तेव्हा बायका यादी घेऊन येतात, आणि यादीत जे लिहायचं राहिलेलं असतं तेच खिडकीत हवं. आमच्याकडे ते दरवर्षी खसखस आणि काडवाती असतं.

अजून एक ट्यूबलाईटचं राहिलंय. सध्या ती माझ्या डोक्यावर, म्हणजे संध्याकाळी उजेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आणि रॅकचे खालचे कप्पे माझ्या सावलीत. ती काउंटरच्या बाहेरच्या कडेवर, तोंड रॅककडे करून लावायची आहे, वर पुढे एक पट्टी म्हणजे बाहेर उभ्या बाईला नुसता उजेडलेला माल दिसेल, ट्यूब नाही. इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, चतुर्थीच्या आधी येतो म्हणालाय.